नऊ गहाळ व्हाऊचरं

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या ऑफिसात मी अनेक वर्षं लिपिक होतो. डिसेंबर 2023 मध्ये निवृत्त झालो. चाव्या, शिक्के, रजिस्टरं असं सगळं यादी करून नव्या अकाउंटंटच्या हवाली केलं, खाली दोघांच्या सह्या घेतल्या आणि सुटलो असं समजलो. पुढच्या जूनमध्ये अध्यक्षांचा फोन आला. 2023-24 चं ऑडिट सुरू होतं, ऑडिटर मॅडमना नऊ व्हाऊचरं सापडत नव्हती आणि नऊच्या नऊ माझ्या काळातली होती. "तुम्ही येऊन समजावून सांगितलंत तर बरं होईल," असं ते म्हणाले. आवाजात विनंती होती, पण त्याखाली आणखीही काहीतरी होतं. पैशांच्या बाबतीत 'सापडत नाही' हे शब्द ऐकले की माणसाचा आवाज आपोआप बदलतो.

मॅडम तिशीच्या आतल्या असाव्यात. सहकार खात्याच्या नामिकेवरच्या, म्हणजे मान्य यादीतल्या लेखापरीक्षकांच्या ऑफिसातून आल्या होत्या. समोर लॅपटॉप, बाजूला माझ्या हाताची कीर्द. "बसा काका," म्हणाल्या आणि छापील कागद पुढे सरकवला. त्यावर नऊ नंबर होते: 14, 31, 32, 47, 63, 71, 84, 96 आणि 108. खाली एकूण रक्कम 4,71,450 रुपये. अध्यक्षांनी नेमकी ती रक्कमच वाचली होती. आमच्यासारख्या संस्थेत पावणेपाच लाखांची व्हाऊचरं नाहीत म्हटलं की सर्वसाधारण सभेत काय होईल ते सांगायला नको.

मी आधी फाईल मागितली. व्हाऊचर फाईलला दोन भोकं पाडून लेस ओवलेली असते. कुणी घाईत कागद ओढून काढला तर भोकाजवळचा कोपरा फाटतो आणि तो तुकडा लेसेत अडकून राहतो. 13 आणि 15 च्या मध्ये मी पाहिलं, तुकडा नव्हता. 13 च्या पाठीवर टाचणीच्या गंजाचा ठसा मात्र होता. म्हणजे 14 नंबरचं व्हाऊचर तिथे पुष्कळ दिवस होतं, त्याला मागे बिल टाचलेलं होतं आणि नंतर कुणीतरी सावकाश लेस सोडून ते काढून घेतलं होतं. 30 आणि 33 च्या मध्ये तसंच. 46 नंतर तसंच. 70 आणि 72 च्या मध्ये मात्र ना ठसा ना तुकडा, दोन्ही कागद एकमेकांना अगदी चिकटून. तिथे कधी काही लावलंच नव्हतं.

मॅडमना हे दाखवलं. त्यांनी फाईल खिडकीकडे नेऊन तिरकी धरून बघितली आणि म्हणाल्या, "म्हणजे सगळी एकाच कारणाने गेलेली नाहीत." मला बरं वाटलं. नाहीतर गहाळ म्हणजे गहाळ, असं म्हणून 'आढळून आले नाही' हा एकच शिक्का नऊ ठिकाणी मारणारे ऑडिटर मी पाहिलेत.

मग नऊही नोंदी कीर्दीतून एका कागदावर उतरवल्या: तारीख, नाव, रक्कम, चेक की रोख. असं समोर मांडलं की गोष्ट आपोआप वेगळी होते. 14, 31 आणि 47 ही गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या ठेकेदाराला दिलेली एप्रिल, मे, जूनमधली बिलं होती. 32 नंबर त्याच कामासाठी आलेल्या इंजिनिअरची फी. हे चारही चेकने. 71 आणि 84 या जमाखर्ची नोंदी. 63, 96 आणि 108 रोखीच्या.

जमाखर्ची दोन पाच मिनिटांत मिटल्या. 71 म्हणजे एका सभासदाने फ्लॅट विकला तेव्हा त्याच्या खात्यावर आगाऊ पडून असलेले 7,200 रुपये त्याच्या पत्रानुसार नव्या सभासदाच्या खात्यावर वर्ग केले होते. 84 म्हणजे ठेवीवरचं 18,000 रुपये व्याज, बँकेने परस्पर ठेवीतच मिळवलेलं. या दोन्हींत पैसा ना पेटीतून गेला ना बँकेतून. जमाखर्ची व्हाऊचरं मी पहिल्यापासून वेगळ्या फाईलला लावत असे, नंबर मात्र एकाच ओळीतले. माझ्या हस्तांतरणाच्या यादीत त्या फाईलची नोंद होती. नव्या अकाउंटंटने कपाटाच्या खालच्या खणातून ती काढली. दोन्ही व्हाऊचरं आणि मागे सभासदाचं पत्र, बँकेची सूचना. मॅडमनी हिरव्या शाईच्या टिका केल्या.

वॉटरप्रूफिंगचं प्रकरण मोठं होतं आणि खरी भीती तिथेच होती. काम 4,80,000 चं ठरलं होतं. ठेकेदाराला 1,20,000, 1,50,000 आणि पुन्हा 1,50,000 असे तीन हप्ते दिले होते आणि 60,000 रुपये पावसाळा संपेपर्यंत अडवून ठेवले होते. पहिल्याच पावसात गच्ची गळली, ठेकेदाराने फोन घेणं सोडलं, पुढचं तुम्ही समजू शकता.

मॅडमनी बँकेचं स्टेटमेंट उघडून ठेवलंच होतं. "काका, बिलं दीड लाखाची, चेक 1,48,500 चा. पहिलं बिल 1,20,000, चेक 1,18,800. व्हाऊचर नसताना हा फरक कशाचा समजायचा?"

हा टीडीएस. ठेकेदाराचं एकच बिल 30,000 च्या वर गेलं की संस्थेला आयकर कायद्याच्या तेव्हाच्या कलम 194सी प्रमाणे कर कापावा लागत असे. ठेकेदार एकटा मालक असल्याने दर एक टक्का. 1,20,000 वर 1,200 आणि दीड लाखावर 1,500. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत चलनाने भरायची. तिन्ही चलनं फाईलला जागच्या जागी होती, कारण त्यांना स्वतःचे व्हाऊचर नंबर होते. तिमाहीचं 26क्यू विवरणपत्रही होतं, आणि त्यात ठेकेदाराचा पॅन, बिलाची रक्कम, तारीख आणि कापलेला कर, सगळं लिहिलेलं असतं. म्हणजे व्हाऊचर नसलं तरी, या माणसाला या तारखेला या रकमेचं बिल दिलं, हे संस्थेने तेव्हाच सरकारला कळवलेलं होतं. इतक्या महिन्यांनी कुणी बनवून आणेल असा हा पुरावा नव्हे. मॅडमनी पॅन जुळवून पाहिला आणि पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसल्या.

इंजिनिअरची फी 15,000. तेव्हा फीवरच्या टीडीएसची मर्यादा 30,000 होती, त्यामुळे तिथे कपात नाही. चेक पूर्ण रकमेचा. पण इथे त्यांनी एक प्रश्न विचारला आणि तो मला मनापासून आवडला. "स्टेटमेंटमध्ये चेक नंबर आणि रक्कम दिसते. पैसे इंजिनिअरलाच गेले हे त्यावरून कसं कळणार?" खरं आहे. कीर्दीत एक नाव आणि चेकवर भलतंच, हा अफरातफरीचा सगळ्यात जुना मार्ग. चेकबुकाच्या अर्धुकावर मी नाव लिहिलं होतं, पण अर्धुक काय, लिहिणाऱ्याच्याच हातातलं. म्हणून अध्यक्षांच्या सहीने बँकेला पत्र दिलं आणि चारही वटलेल्या चेकांच्या प्रती मागवल्या. आल्या तेव्हा नावं बरोबर होती.

पण मूळ व्हाऊचरं गेली कुठे? लेस सोडून काढणारा माणूस चोर नसतो, चोराला एवढा धीर नसतो. मी इतिवृत्त पुस्तक मागितलं आणि मी गेल्यानंतरच्या सभा वाचत गेलो. जानेवारी 2024 च्या कमिटी सभेचा ठराव सापडला. ठेकेदाराला वकिलामार्फत नोटीस द्यावी व त्यासाठी आवश्यक ती कागदपत्रे वकिलांकडे सुपूर्द करावीत. कागद गेले, जावक रजिस्टरला नोंद नाही, पोच नाही, फाईलला त्या जागी एक चिठ्ठीसुद्धा नाही. कमिटीतल्या ज्या गृहस्थांनी ते नेऊन दिले तेच आता टेबलापलीकडे गंभीर चेहऱ्याने बसून मला विचारत होते, "पण व्हाऊचरं फाईलमध्ये का नाहीत?" मी ठरावावर बोट ठेवून पुस्तक त्यांच्याकडे फिरवलं. दुसरं काही बोललो नाही.

वकिलांकडे चारही मूळ व्हाऊचरं बिलांसकट निघाली. झेरॉक्स चालेल का, असं अध्यक्षांनी विचारलं. मॅडम स्वतः जाऊन मूळ बघून आल्या. बघायच्या गोष्टी झेरॉक्समध्ये नीट कळत नाहीत. घेणाऱ्याची सही, रेव्हेन्यू तिकिटावरून गेलेली शाई, ठरावाचा क्रमांक त्याच वेळी लिहिलाय की मागून घातलाय, बिलावर 'रक्कम अदा' चा शिक्का आहे का. शिक्का नसला तर तेच बिल पुन्हा एकदा मंजुरीला येऊ शकतं. त्यानंतर वकिलांनी सही केलेल्या प्रती फाईलला लागल्या आणि प्रत्येकीवर 'मूळ प्रत वकिलांकडे' असं तारखेसह लिहिलं.

आता रोखीची तीन. रक्कम लहान, 2,800, 1,950 आणि 6,500. पण माझ्या अनुभवात ऑडिटरचा खरा जीव इथे अडकतो आणि ते योग्यही आहे. चेकचा माग बँकेत राहतो. रोख पेटीतून गेली की तिच्या मागे तो एक कागदच असतो.

याच टप्प्यावर अध्यक्षांनी मला बाहेर बोलावलं. कोरं व्हाऊचर बुक त्यांच्या हातात होतं. "तीनच तर आहेत. तुमचंच अक्षर, तेव्हाच्याच तारखा. लिहून टाका ना, माजी सचिव सही करतील." माणूस वाईट नाही, त्यांना फक्त सभेतली कटकट टाळायची होती. मी त्यांना बुकाचा छापील अनुक्रमांक दाखवला. ते बुक मी गेल्यानंतर छापून आलेलं होतं. जुलै 2023 चा खर्च आणि जानेवारी 2024 मध्ये छापलेला कागद. आणि समजा जुनं बुक सापडलं असतं, तरी मी लिहिलं नसतं. आज खर्च खरा आहे, फक्त कागद हरवलाय. खोटा कागद तयार केला की खरा खर्चही संशयात येतो. शिवाय सहकार कायद्याच्या कलम 81 प्रमाणे अपहार किंवा खोटे हिशेब आढळले तर ऑडिटरला निबंधकांकडे विशेष अहवाल द्यावा लागतो आणि प्रकरण पोलिसांपर्यंत जातं. 2,800 रुपयांच्या गटारासाठी ही हौस कुणाला? त्यांनी बुक मुकाट्याने खणात ठेवलं.

2,800 रुपये जुलैत गटार तुंबलं तेव्हा दोन मजुरांना दिले होते. तक्रार रजिस्टरला त्याच दिवशी तळमजल्यावरच्या तीन सभासदांच्या तक्रारी होत्या. वॉचमनच्या गेट रजिस्टरला दोन माणसं सकाळी आत आणि दुपारी बाहेर गेल्याची नोंद, पुढे 'ड्रेनेज' असा शेरा. हे दोन्ही कागद लिहिणाऱ्यांना व्हाऊचरशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणूनच त्यांना वजन. त्या मजुरांचा मुकादम अजून आमच्याकडे येतो. त्याच्याकडून आजच्या तारखेची पावती घेतली की, अमुक दिवशी केलेल्या कामाचे 2,800 रुपये मला तेव्हाच मिळाले आहेत. आजची तारीख हा त्यातला महत्त्वाचा भाग. वर ठळक अक्षरात 'दुय्यम' लिहिलं.

1,950 रुपये वार्षिक सभेच्या नोटिसा आणि अहवालाच्या झेरॉक्सचे. सभेची नोटीस चौदा दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे खर्चाची तारीख आणि नोटीस वाटल्याची तारीख जुळायलाच हवी. जुळली. वाटपाच्या वहीत सभासदांच्या सह्या होत्या. अहवालाची पानं गुणिले प्रती हा हिशेब मॅडमनी तिथल्या तिथे करून पाहिला आणि रक्कम साधारण तेवढीच आली. दुकानदाराने बिलाची नक्कल दिली. ही दोन्ही मूळ व्हाऊचरं मात्र शेवटपर्यंत मिळाली नाहीत. वकिलांकडे कागद नेण्यासाठी फाईल सोडली तेव्हा सुटी झाली असावीत असा माझा अंदाज. पण तो अंदाजच, म्हणून मॅडमना तो मी लिहू दिला नाही. 'मूळ प्रमाणके उपलब्ध नाहीत, पर्यायी पुरावा पाहिला, कमिटीने ठरावाने मान्यता दिली', इतकंच लिहिलं गेलं.

राहिलं 108. ऑक्टोबर 2023, टाकी दुरुस्ती, 6,500 रुपये. मॅडमच्या संगणकाच्या यादीत ते 'दुरुस्ती खर्च' खाली होतं. मी म्हटलं, "हे व्हाऊचर गहाळ नाही. या खर्चाचं व्हाऊचर कधी झालेलंच नाही."

त्यांनी माझ्याकडे जरा रोखून बघितलं. मी कीर्द उघडून दिली. माझ्या अक्षरात ओळ होती, 'टाकी दुरुस्तीसाठी मा. सचिव यांस तसलमात'. तसलमात म्हणजे उचल. पैसे दिलेत, हिशेब यायचाय. अशी व्हाऊचरं मी फाईलला न लावता तसलमात रजिस्टरला चिकटवून ठेवत असे आणि बिलं आली की मगच उतरवून फाईलला लावायचो. रजिस्टर काढलं. 108 नंबरचं व्हाऊचर तिथे डिंकाने चिकटलेलं, त्यावर तेव्हाच्या सचिवांची सही आणि शेजारचा 'हिशेब प्राप्त दिनांक' हा रकाना कोरा. मी निवृत्त होताना बाकी तसलमातींच्या यादीत ही नोंद दिली होती. त्यावरही अकाउंटंटची सही होती.

झालं काय, तर अकाउंटंटने जानेवारीनंतर वर्षभराच्या नोंदी संगणकावर चढवल्या. ओळीत 'टाकी दुरुस्ती' दिसलं, ते दुरुस्ती खर्चात टाकलं. शेवटचा शब्द त्याने वाचला नाही किंवा त्याला तो माहीत नव्हता. त्या एका नोंदीने दोन गोष्टी बदलल्या. बिल नसताना खर्च दिसू लागला आणि माजी सचिवांकडून येणे असलेले 6,500 रुपये ताळेबंदातून नाहीसे झाले. नऊ नंबरांमध्ये खरा दोष एवढा एकच निघाला आणि यादीत तो सगळ्यात किरकोळ दिसत होता.

मॅडम बराच वेळ रजिस्टर चाळत होत्या. मग म्हणाल्या, "काका, हे रजिस्टर मला कुणी दाखवलंच नाही." अकाउंटंट म्हणाला, "मॅडमनी मागितलं नव्हतं." दोघंही खरं बोलत होते.

माजी सचिवांना बोलावलं तेव्हा ते चिडले. "इतकी वर्षं फुकट राबलो आणि आता साडेसहा हजारांसाठी विचारता?" त्यांची चिडचिड मला समजत होती. मानद काम करणाऱ्याला हिशेब मागितला की आरोप केल्यासारखं वाटतं. पण पैसे घेतल्याची सही त्यांचीच होती. दोन दिवसांनी ते प्लंबरचं 4,100 चं बिल घेऊन आले आणि उरलेल्या 2,400 चा चेक संस्थेच्या नावाने दिला. बिलावरच्या नंबरला मॅडमनी स्वतः फोन करून खात्री केली.

पुढचा वाद माझा आणि मॅडमचा. माझं म्हणणं, काम ऑक्टोबर 2023 मधलं आहे, तेव्हा 4,100 रुपये 2023-24 च्याच खर्चात धरा. त्यांचं म्हणणं, 31 मार्चला कमिटीपुढे बिल नव्हतं, मंजुरी नव्हती, त्या दिवशी संस्थेचं येणं पूर्ण 6,500 होतं. ताळेबंदात 6,500 तसलमात येणे दाखवा आणि 4,100 मंजुरीनंतर 2024-25 मध्ये खर्ची टाका. शेवटी त्यांच्याप्रमाणे दुरुस्ती झाली. सही त्यांची आहे, त्यामुळे अधिकारही त्यांचाच. मला ते अजून पूर्ण पटलेलं नाही.

अहवालात दोन शेरे आले, तसलमातीचा एक आणि मूळ कागद नोंद न करता बाहेर दिल्याचा एक. रोखीच्या दोन व्हाऊचरांचा साधा उल्लेख. कलम 82 प्रमाणे तीन महिन्यांत दोष दुरुस्ती अहवाल ओ नमुन्यात पाठवायचा होता, त्याचा मसुदा अध्यक्षांनी मलाच करायला सांगितला. पहिल्या शेऱ्यापुढे 2,400 च्या पावतीचा क्रमांक आणि बिल मंजुरीचा ठराव लिहिला. दुसऱ्यापुढे, 'यापुढे मूळ कागदपत्रे जावक रजिस्टरला नोंद करून व पोच घेऊनच दिली जातील' असं लिहिलं. वकिलांकडे कागद घेऊन गेलेल्या त्या गृहस्थांनी वाचलं आणि 'यापुढे' हा शब्द काढता येईल का असं विचारलं. मी म्हटलं, काढला तर आधीपासूनच तसं होत होतं असा अर्थ होईल, आणि त्याचा पुरावा मॅडम मागतील. त्यांनी सही केली.